पावलं मैत्रिणींना दिसू देत, वाट नको

*ताई, मी जळगावला शाळेत शिकवते. आम्ही सात जणींनी गार्मिनची घड्याळं घेतली आणि दर आठवड्याला गार्मिन कनेक्ट ॲपवर पावलांची स्पर्धा लावतो. मजा येते. पण परवा स्टाफरूममध्ये एका सरांनी विचारलं, "मॅडम, आज मेहरूण तलावाला तीनच फेऱ्या?" ते आमच्या स्पर्धेत नाहीत आणि मी त्यांना काही सांगितलंही नव्हतं. उन्हाळ्यात मी पहाटे साडेपाचला एकटीच जाते. आता मुख्याध्यापकही स्पर्धेत यायचं म्हणताहेत. स्पर्धा सोडायची नाही, पण माझं चालणं कोणकोण बघतं तेच कळत नाही. काय करू?*

सरांना तुझ्या फेऱ्या पावलांच्या स्पर्धेतून कळल्या, हे आधी डोक्यातून काढून टाक. त्या स्पर्धेच्या यादीत नाव, फोटो आणि पावलांचा आकडा असतो. आठ हजार पावलं तलावाभोवती पडली, शाळेच्या जिन्यात पडली की आठवडी बाजारात, हे त्या आकड्यावरून ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. फेऱ्या मोजायच्या तर नकाशा लागतो. म्हणजे तुझा नकाशा दुसऱ्या कुठल्यातरी दारातून बाहेर गेलाय आणि ते दार स्पर्धा लावण्याच्या खूप आधीपासून उघडं असणार.

मी भुसावळला गेली सहा वर्षं चालणाऱ्या-पळणाऱ्यांचा गट सांभाळते. नवीन घड्याळ आलं की ते लावून द्यायला माझ्याकडेच येतं. या कामात एक घोळ मी सारखा बघते. घड्याळ दोन वेगळ्या गोष्टी नोंदवतं आणि लोक त्यांना एकच समजतात.

पहिली गोष्ट म्हणजे दिवसभराची पावलं. मनगट कसं हलतं यावरून घड्याळ ती मोजतं. त्यासाठी जीपीएस लागत नाही, कुठलंही बटण दाबावं लागत नाही. रात्री बारा ते रात्री बारा, घड्याळ हातात आहे तोवर मोजणी चालूच असते. दुसरी गोष्ट म्हणजे तू बटण दाबून ‘वॉक’ सुरू करतेस आणि परत आल्यावर थांबवतेस ती नोंद. ॲप तिला ॲक्टिव्हिटी म्हणतं. तिच्यात जीपीएसची रेघ असते, निघाल्याची वेळ असते, वेग असतो, हृदयाचे ठोके असतात. वर गार्मिन तिला आपोआप नाव देतं आणि त्या नावात गावही घालतं, ‘Jalgaon Walking’ असं काहीतरी. तू काहीच लिहिलं नाहीस तरी गाव लिहिलं जातं.

आता गंमत बघ. तुमच्या स्पर्धेला यातली फक्त पहिली गोष्ट लागते. तू पहाटे बटण न दाबता तलावाला तीन फेऱ्या मारल्यास तरी पावलं तितकीच मोजली जातील आणि स्पर्धेत तितकीच धरली जातील. नकाशा मात्र तयारच होणार नाही. जे तयारच झालं नाही ते कुणाला दिसणार? आमच्या गटातल्या निम्म्या बायकांना मी एवढंच सांगते आणि त्यांचा प्रश्न तिथेच संपतो. त्यांना फक्त पावलं हवी असतात. ‘वॉक सुरू केलं नाही तर चालणं धरलं जाणार नाही’ असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून त्या रोज इमानदारीने बटण दाबतात.

तुला वेळ, वेग, ठोके यांची नोंद हवी असेल आणि फक्त नकाशा नको असेल तर घड्याळातल्या ॲक्टिव्हिटींच्या यादीत ‘Walk Indoor’ शोध, बऱ्याच मॉडेलवर असते. नाव घरातल्या चालण्याचं असलं तरी बाहेर चालताना ती लावली म्हणून घड्याळ काही तक्रार करत नाही. जीपीएस बंद राहतं आणि अंतर पावलांवरून अंदाजे काढलं जातं. अंतर थोडं मागेपुढे होईल. फेऱ्या बोटांवर मोजाव्या लागतील, एवढंच.

आता सरांकडे येऊ. मला खात्रीने वाटतं की तुझं गार्मिन स्ट्राव्हाला, म्हणजे चालणं-पळणं नोंदवून इतरांना दाखवणाऱ्या ॲपला, जोडलेलं आहे. कधीतरी दहा किलोमीटरची शर्यत पळाली असशील, कुणीतरी म्हणालं असेल ‘स्ट्राव्हा घे’, तू घेतलंस, दोन्ही ॲप जोडलीस आणि विसरलीस. त्यानंतर तुझी प्रत्येक ॲक्टिव्हिटी गार्मिनमधून स्ट्राव्हावर आपोआप जात राहिली. सरांच्या फोनमध्ये तुझा नंबर आहे. त्यांनी स्ट्राव्हाला फोनमधले संपर्क बघायची परवानगी दिली असेल तर ॲपनेच तुझं नाव त्यांच्यापुढे आणून ठेवलं असेल. यात सरांच्या मनात वाईटच काही होतं असं मी म्हणत नाही. त्यांना तुझं चालणं दिसलं, ते बोलून गेले. तुला कळलं हे एका अर्थी बरंच झालं. जो बघतो आणि बोलत नाही त्याचं काय करणार?

माझ्या बाबतीत बोलणारा भेटला तो कापडाच्या दुकानात. खण बघत होते, तर काउंटरवरचा मुलगा सहज म्हणाला, "ताई, तुम्ही सकाळी पावणेसहाला रेल्वे ग्राउंडकडून निघता ना? रविवारी मात्र सुट्टी." वं माय, माझ्या हातातला खण तसाच राहिला! मी त्याला ओळखत नव्हते. तोही नवीनच पळायला लागला होता. माझ्या एका ॲपवर नोंदी सगळ्यांना खुल्या होत्या आणि त्या तशा मीच ठेवल्या होत्या, कारण ॲप पहिल्यांदा उघडताना जे जे विचारलं गेलं त्याला मी ‘हो, हो’ म्हणत गेले होते. त्याला माझं घर माहीत नव्हतं, पण वेळ, वाट आणि सुट्टीचा वार माहीत होता. एका नकाशावरून माणूस सापडत नाही. वीस नकाशे एकावर एक ठेवले की सापडतो. जानेवारी २०१८ मध्ये जगभर हेच झालं. स्ट्राव्हाने सगळ्या वापरकर्त्यांच्या वाटा एकत्र करून जगाचा एक नकाशा काढला होता, त्यात कुणाचंही नाव नव्हतं. तरी ओसाड वाळवंटात रोज पळणाऱ्या सैनिकांच्या वाटांनी लष्करी तळांचे आकार त्यावर उजळून दिसले. नाव काढलं तरी सवय दिसतेच.

तर आता तुझा फोन हातात घे आणि आधी स्ट्राव्हा उघड, गार्मिन नंतर. सेटिंगमध्ये ‘Privacy Controls’ आहे. तिथे ‘Activities’ या ओळीत तीन पर्याय दिसतील: ‘Everyone’, ‘Followers’, ‘Only You’. तुझ्याकडे ‘Everyone’ असणार. ते ‘Only You’ कर. शर्यतीच्या दिवशी एखादी नोंद मिरवायची असेल तर तेवढी एकच उघडून तिची परवानगी बदलता येते. रोजचं सगळं उघडं ठेवून नको ते एकेक झाकत बसण्यापेक्षा सगळं झाकून हवं ते एक उघडणं सोपं, कारण विसरायला होतं ते नेहमी झाकायचंच. त्याच पानावर ‘Profile Page’ आहे, ते ‘Followers’ वर ठेव. मग कुणी तुला फॉलो करायला आलं तर तुझी परवानगी मागितली जाईल. आत्तापर्यंत जे फॉलो करताहेत त्यांची यादीही बघून घे. तिथे सर असतील तर त्यांना यादीतून काढता येतं.

इथे एक चूक हमखास होते. हे सेटिंग पुढच्या नोंदींना लागतं. मागच्या दोनशे नोंदी जशा होत्या तशाच उघड्या राहतात. बायका सेटिंग बदलून निश्चिंत होतात आणि महिन्याने मला विचारतात, "ताई, अजून कसं दिसतंय?" जुन्या नोंदी एकदम बदलायची सोय स्ट्राव्हाच्या वेबसाइटवर आहे. संगणकावर किंवा फोनच्या ब्राउझरमध्ये लॉगिन कर, ‘Privacy Controls’ मध्ये जा आणि ‘Edit Past Activities’ उघड. तिथून सगळ्या जुन्या नोंदींची परवानगी एका फटक्यात बदलते. मागे शर्यती पळाली असशील तर एक लक्षात घे: या झटक्यात त्याही झाकल्या जातील. एखादी परत उघडायची असेल तर ती हाताने उघडावी लागेल.

तू म्हणशील, गार्मिनमध्ये मी सगळं ‘Only Me’ केलं असतं तर? तरीही नोंद स्ट्राव्हावर गेलीच असती. दोन ॲप जोडलेली असली तरी एकाचं कुलूप दुसऱ्याला लागत नाही. गार्मिनची नोंद स्ट्राव्हावर पोचली की तिथे स्ट्राव्हाचा नियम चालतो. स्ट्राव्हा अजिबात नकोच असेल तर गार्मिन कनेक्टच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या ॲपची यादी आहे, तिथून ते तोडून टाक. पण तोडल्याने जुन्या नोंदी पुसल्या जात नाहीत, त्या स्ट्राव्हावर तशाच राहतात. म्हणून आधी झाक, मग तोड.

स्ट्राव्हा ठेवायचं आणि मैत्रिणींना नोंदी दाखवायच्या असं ठरवलंस तर नकाशाची टोकं झाकायची सोय आहे, ‘Map Visibility’ नावाची. घराचा पत्ता दिला की त्याच्या आसपासचा भाग इतरांच्या नकाशावर दिसत नाही, जास्तीत जास्त १.६ किलोमीटरपर्यंत. सोय चांगली आहे, पण लोक ती जशी वापरतात त्यात दोन भोकं राहतात.

समज, तू घरापासून ४०० मीटरचा भाग झाकलास. सोमवारी तू पूर्वेच्या गल्लीने निघालीस, मंगळवारी पश्चिमेच्या, बुधवारी मंदिरावरून. प्रत्येक नकाशात रेघ घरापासून ठरावीक अंतरावर अचानक तुटते. चार-पाच नकाशे शेजारी ठेवले की तुटलेली टोकं एका वर्तुळावर बसतात आणि वर्तुळाचा मध्य काढायला तर सातवीतलं पोरही शिकलेलं असतं. मध्यावर तुझं घर. ही युक्ती कुणी करू नये म्हणून ॲप आपल्या बाजूने वर्तुळ थोडं सरकवतं, पण त्यावर विसंबून राहू नकोस. घराचा अचूक पत्ता देण्यापेक्षा दोन-तीन गल्ल्या पलीकडचा चौक दे आणि अंतर मोठं ठेव, म्हणजे घर वर्तुळात राहील पण मध्यावर राहणार नाही.

दुसरं भोक अंतराचं. नकाशाची टोकं झाकली तरी एकूण अंतर पूर्ण लिहिलं जातं. नोंदीत ४.६ किलोमीटर आहे आणि दिसणारी रेघ मोजली तर ३.८ किलोमीटर भरते, म्हणजे ०.८ किलोमीटर झाकलेलं आहे. जायचं आणि यायचं मिळून, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.४. आता बघणाऱ्याला कळलं की रेघ तुटते तिथून तू ४०० मीटर चाललीस. त्यातून गल्ल्या कमी असतील तर घर ओळखू येतं. जळगावच्या जुन्या भागात गल्ल्यांचं जाळं आहे, तिथे हे कठीण. पण नव्या कॉलनीत, मोकळ्या प्लॉटांच्या मधे एकच रस्ता असेल तर अजिबात कठीण नाही. म्हणून एकटीने पहाटे चालणाऱ्या बाईला मी टोकं झाकायला सांगत नाही. त्याच पानावर पूर्ण नकाशाच इतरांपासून लपवायचा पर्याय आहे, तो वापर. मैत्रिणींना अंतर आणि वेळ दिसेल, रेघ दिसणार नाही. कौतुक करायला तेवढं पुरतं.

आता गार्मिनचं घर आवरू. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘Profile & Privacy’ उघड. तिथे प्रोफाइल, ॲक्टिव्हिटी, पावलं अशा वेगवेगळ्या गोष्टींना वेगवेगळं कुलूप आहे. हेच त्यातलं सगळ्यात कामाचं. ‘Activities’ ला ‘Only Me’ आणि ‘Steps’ ला ‘My Connections’ लाव. म्हणजे ज्यांना तू जोडून घेतलंस त्यांना पावलं दिसतील, चालण्याच्या नोंदी कुणालाच दिसणार नाहीत. ‘My Groups & Connections’ हा पर्याय दिसायला साधा असला तरी त्यापासून जरा जपून. कधीतरी एखाद्या मोठ्या ग्रुपमध्ये सामील झाली असशील तर त्यातली सगळी अनोळखी माणसंही त्यात आली. इथेही जुन्या नोंदी एकदा उघडून बघ. एखाद्या नोंदीची परवानगी वेगळी असेल तर ती नोंद संपादित करताना खाली ‘Privacy’ ची ओळ दिसते, तिथून बदल.

एवढं झालं की मुख्याध्यापकांचा प्रश्न निम्मा सुटला. गार्मिनमध्ये ‘या माणसाला हे दिसू दे, त्या माणसाला ते’ असं माणसागणिक ठरवता येत नाही. जोडलेले सगळे एकाच ओळीत बसतात. म्हणून माणूस निवडत बसण्यापेक्षा त्या ओळीला काय दिसेल तेच मर्यादित करून ठेवायचं. ॲक्टिव्हिटी ‘Only Me’ असेल तर मुख्याध्यापकांना जोडून घेतल्याने त्यांना तुझी पावलं दिसतील, बस. तीही नको वाटत असतील तर संकोच न करता तसं सांग. पावलांचा आकडाही अगदीच मुका नसतो. आजारपणाची रजा टाकून भावाच्या लग्नात नाचलीस तर त्या दिवशी अठरा हजार पावलं दिसतील आणि मुख्याध्यापक माणूस गणित जाणतो.

दुसरा मार्ग असा की स्पर्धा कोण तयार करतं याकडे बघ. जी स्पर्धा तयार करते ती आपल्या जोडलेल्यांतून लोकांना बोलावते. तुमच्या सात जणींतल्या एकीने मुख्याध्यापकांना जोडून घेऊन बोलावलं तर तू त्यांना न जोडताही दोघं एकाच स्पर्धेत दिसाल. याची दुसरी बाजूही आहे. तुझ्या मैत्रिणीने बोलावलेल्या स्पर्धेत तिचा चुलतभाऊ, त्याचा मित्र अशी तुला माहीत नसलेली माणसंही असू शकतात आणि त्यांना तुझं नाव, फोटो आणि आकडा दिसतो. म्हणून आमंत्रण आलं की आधी सहभागी कोण आहेत ती यादी बघ, मग सामील हो. आणि प्रोफाइलच्या फोटोत शाळेचा बोर्ड, घराची पाटी किंवा गाडीचा नंबर नको. आमच्या गटात एकीच्या फोटोत मागे तिच्या बंगल्याचं नाव ठळक होतं, नकाशा झाकून काय उपयोग!

स्पर्धेच्या हिशोबाचं थोडं सांगते, कारण भांडणं तिथेच होतात. पहिलं भांडण सोमवारी सकाळी असतं: "मी काल नऊ हजार चालले, तुझ्या यादीत तीनच कसे?" पावलं घड्याळात असतात, स्पर्धेत नसतात. घड्याळ फोनशी जुळून, फोनला इंटरनेट मिळून, ती गार्मिनच्या सर्व्हरवर पोचली की मगच यादीत दिसतात. रविवारी कुणी मामाच्या गावाला गेली, तिथे रेंज नाही, की तिचा आकडा दुपारच्या पावलांवर अडकून बसतो. आमचा नियम आहे, रविवारी रात्री अकराच्या आत प्रत्येकीने ॲप उघडून खाली ओढायचं, सिंकचं गोल चक्र थांबेपर्यंत फोन घड्याळाजवळ ठेवायचा. आकडा कमी वाटला तर आधी घड्याळाच्या पडद्यावरचा आकडा आणि ॲपमधला आकडा जुळतो का बघ. जुळत नसेल तर सिंकची अडचण, जुळत असेल तर खरंच कमी चालली.

दुसरं भांडण भाकरीचं. मनगटातलं घड्याळ हात कसा हलतो त्यावरून पाऊल ओळखतं. कळण्याची भाकरी थापताना हाताचा जो एकसारखा ठेका असतो तो त्याला चालण्यासारखा वाटतो. आमच्याकडे एकीने स्वयंपाकघरातून न हलता वीस भाकऱ्यांत काहीशे पावलं मिळवली होती. आमच्या रस्त्यांवर मोटरसायकलही कधीकधी पावलं देते, विशेषतः खड्डे लागले की. उलट बाजूही आहे. हातगाडी किंवा सायकल ढकलत चाललीस, दोन्ही हातांत पिशव्या असल्या, तर मनगट हलत नाही आणि खरी पावलं गळतात. आम्ही ठरवलंय की भाकरी थापताना घड्याळ काढून ठेवायचं. बाकी ज्याचं त्याच्याजवळ. रोज होणारी चूक सगळ्यांनाच होते, तेव्हा आठवड्याच्या आकड्यात ती बहुतेक बुजून जाते. पण ५८,००० आणि ५८,६०० मधे कोण जिंकलं यावरून रुसू नका. सहाशे पावलं तर एका रविवारच्या भरीत-भाकरीत निघतात.

आणि सातच जणी आहात म्हणून बरं. कुणी आठवी वेगळ्या कंपनीचं घड्याळ घेऊन आली तर तिची पावलं गार्मिनच्या स्पर्धेत येणार नाहीत. स्ट्राव्हावर सगळ्यांना एकत्र आणावं असं मग कुणीतरी सुचवतंच. पण स्ट्राव्हा दिवसभराची पावलं मोजत नाही, त्याला बटण दाबून केलेल्या ॲक्टिव्हिटी लागतात. म्हणजे पावलांच्या साध्या खेळातून तुम्ही परत नकाशाच्या खेळात जाता. तसं करण्यापेक्षा आठवीने रोज रात्री आपला आकडा व्हॉट्सॲपवर लिहावा. विश्वासावर चालतं, चालू दे. फक्त ॲपच्या पडद्याचा फोटो काढून टाकताना खाली नकाशाचं चित्र येत नाही ना ते बघा. सगळी कुलपं लावून शेवटी स्वतःच्या हाताने नकाशा ग्रुपवर टाकणाऱ्या मी किती बघितल्या!

सगळं लावून झालं की तपासणी. स्वतःच्या फोनवर स्वतःची नोंद बघून काही कळत नाही, आपल्याला आपलं सगळंच दिसतं. एका मैत्रिणीला शेजारी बसव. तिच्या फोनवर गार्मिनमध्ये तुझं प्रोफाइल उघडायला लाव. तिला पावलं दिसली पाहिजेत आणि एकही चालण्याची नोंद दिसता कामा नये. मग स्ट्राव्हावर तुला फॉलो न करणाऱ्या एखादीच्या खात्यातून तुझं प्रोफाइल उघडून बघ. अनोळखी माणसाला काय दिसतं ते तिथे कळेल. शेवटी उद्या पहाटे एकदा मुद्दाम बटण दाबून चाल, आणि घरी येऊन हीच तपासणी पुन्हा कर. नवी नोंद कुठेच दिसली नाही तर काम झालं. स्ट्राव्हावर दिसली तर वर सांगितलेल्यापैकी ‘Activities’ ची ओळ बदलायची राहिलीय, किंवा बदलून सेव्ह झाली नाही.

एक गोष्ट मात्र उलट्या दिशेची. साडेपाचला, मेमध्येही नीट उजाडलेलं नसतं आणि तू एकटी असतेस. तुझी वाट जगाला दिसू नये हे खरं, पण घरातल्या एकाला दिसावी. गार्मिन कनेक्टमध्ये ‘Safety & Tracking’ खाली ‘LiveTrack’ आहे. भावाचा किंवा नवऱ्याचा ईमेल त्यात घाल. तिथलं ‘Auto Start’ चालू ठेवलंस तर तू ॲक्टिव्हिटी सुरू केलीस की त्याला लिंक जाते आणि तू कुठे आहेस ते त्याला चालू नकाशावर दिसतं. त्यासाठी फोन सोबत हवा, इंटरनेट चालू हवं आणि जीपीएसची ‘वॉक’ सुरू करावी लागते, ‘Walk Indoor’ चालणार नाही. म्हणून ज्या दिवशी एकटी जाशील त्या दिवशी बटण दाबून जा, आणि ज्या दिवशी मैत्रिणी सोबत असतील त्या दिवशी नुसती पावलं मोजू दे. ती लिंक पुढे पाठवली तर पुढच्यालाही उघडते, हे घरी सांगून ठेव, नाहीतर कौतुकाने ती घरच्या ग्रुपवर जायची.

आणि परत आलीस की ‘वॉक’ थांबवायला विसरू नकोस. आमच्यातली एक विसरली, तशीच अंघोळ करून स्कूटीवर शाळेत गेली, आणि घरापासून शाळेच्या पार्किंगपर्यंतची सरळ रेघ तिच्या ‘वॉक’मध्ये आली, ताशी ३८ किलोमीटर वेगाने.